मदत हवी आहे: सासूबाईंच्या नऊ पानी प्रवचनाची रूपरेषा कशी करू?

लालबागची_सून
सासूबाईंचं नऊ पानी टिपण आहे, वहीत हाताने लिहिलेलं. त्याची रूपरेषा करायची आहे: मुद्दे, त्याखाली दृष्टान्त, शेवटी समारोप. दोन रात्री बसले, तीनदा लिहून काढलं, तिन्ही वेळा चार पानं झाली. काय गाळायचं तेच कळत नाही. शनिवारी प्रवचन आहे. पद्धत सांगा, "मनापासून बोला" वगैरे नको.

गिरगाव_काका
नारदीय कीर्तनाचा साचा वापरा. नमन, पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी भैरवी. वडील कीर्तनकार होते, लहानपणापासून हेच पाहिलंय. आधी सगळे मुद्दे संपवा, मग सगळ्या गोष्टी घ्या. विषय संपला.

मुलुंडचा_वारकरी
ताई, ओवी आहे की अभंग? कुठला? वेळ किती? समोर कोण? हे न सांगता काय गाळायचं ते कोण सांगणार?

काका, कीर्तनाला हे बरोबर आहे. तिथे उत्तररंगात एकच आख्यान असतं, मधे पदं येतात, पेटी-तबल्याची साथ असते. प्रवचनात माणूस एकटा बसून बोलतो. सगळ्या गोष्टी शेवटी ठेवल्या तर कुठली कशासाठी आली ते ऐकणाऱ्याला आठवत नाही.

लालबागची_सून
तुकोबांचा "जे का रंजले गांजले". पस्तीस मिनिटं. चाळीतलं महिला भजनी मंडळ, साठेक बायका. टिपणात गोष्टी पाच: नाथांनी कावडीतलं पाणी गाढवाला पाजलं ती, नाथांनी वाळवंटातलं मूल उचललं ती, नामदेव आणि पोळी पळवणारा कुत्रा, रेड्यामुखी वेद, आणि पेपरात आलेली एका अपंग मुलाची. शेवटी पसायदान, एकीचं आवाहन आणि सप्ताहाची वर्गणी.

टेक_ठाणेकर
पानांचे फोटो काढा, फोनवर अक्षरं ओळखून घ्या, वर्डमध्ये टाकून हेडिंग द्या. दहा मिनिटांचं काम.

लालबागची_सून
टाईप करता येतं हो मला. चार पानांचं एक पान कसं करू, हा प्रश्न आहे.

माहीम_मनीषा
पण एकच पान कशासाठी? प्रवचनकार वही समोर ठेवूनच बोलतात की.

लालबागची_सून
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं. बारीक अक्षर अजून दिसत नाही. मोठ्या अक्षरात एकच पान हवं, मांडीवर ठेवून बघता येईल असं. हे आधीच लिहायला हवं होतं.

मुलुंडचा_वारकरी
हे आधी कळलं असतं तर तिसऱ्या ओळीत उत्तर दिलं असतं. आता ऐका. सावकाश बोलणारी बाई मिनिटाला शंभरेक शब्द बोलते. एक गोष्ट नीट रंगवायला पाच-सहा मिनिटं लागतात. पाच गोष्टी म्हणजे अर्धा तास गेला, मग अभंग कधी सांगणार? तीनच ठेवा.

कुठल्या तीन, ते अभंगच सांगतो. मुद्दे टिपणातून काढू नका, अभंगाचे चरण कागदावर डाव्या बाजूला लिहा. मग प्रत्येक गोष्टीला विचारा, तू कुठल्या चरणाची? उत्तर आलं नाही तर ती गोष्ट कितीही गोड असली तरी बाहेर.

"जे का रंजले गांजले" इथे गाढव. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची, आणि तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ती ओतली. "तोचि साधु ओळखावा" हे ध्रुवपद, त्याला गोष्ट नको. प्रत्येक गोष्टीनंतर तेच म्हणायचं, साठ बायका मागे म्हणतील. "मृदु सबाह्य नवनीत" दोन वाक्यांत सांगा. लोणी कुठूनही कापा, आतबाहेर सारखंच मऊ, एवढं पुरे. रेडा कुठल्याच चरणाला लागत नाही. तो अधिकाराचा दृष्टान्त आहे, दयेचा नाही. नामदेवांची गोष्ट दयेची आहे, पण गाढवाच्या जागीच येते. एका चरणाला दोन गोष्टी दिल्या की दुसरी पहिलीला पुसते.

आता महत्त्वाचं. "ज्यासि आपंगिता नाही" या ओळीखाली ती अपंग मुलाची गोष्ट लिहिली आहे का?

लालबागची_सून
हो! तुम्हाला कसं कळलं?

मुलुंडचा_वारकरी
बरेच जण तिथे फसतात. छापील प्रतींतही कुठे कुठे "अपंगिता" असतं, म्हणून अपंग वाटतं. मूळ शब्द आपंगणे, म्हणजे जवळ करणं, सांभाळणं. ज्याला सांभाळणारा कोणी नाही, त्याला जो हृदयाशी धरतो. वाळवंटातल्या मुलाची गोष्ट इथलीच. तापलेल्या वाळूत रडणारं मूल, आई दिसत नाही, नाथ उचलून छातीशी धरतात. चरणात जे लिहिलंय तेच गोष्टीत घडतं, वेगळं समजावायला लागत नाही.

माहीम_मनीषा
त्या मुलाची जात सांगायची का? आमच्या मंडळात एका ताईंनी सांगितली, दोघी उठून गेल्या. मला वाटतं नुसतं "एक मूल" म्हणावं.

मुलुंडचा_वारकरी
नाही पटत. ते महाराचं मूल होतं आणि पैठणच्या ब्राह्मणाने स्नान करून येताना त्याला कडेवर घेतलं, म्हणून तर गोष्ट टिकली. ते काढलं तर कोणीही रडणारं मूल उचलतो, त्यात नाथ कुठे?

माहीम_मनीषा
तुम्ही पुस्तकातलं बोलताय. समोर बसलेल्या बाईला जात पुन्हा मोठ्याने ऐकायची असते का, तेही विचारा.

वसईचा_आल्बर्ट
आमच्या चर्चमध्ये मी कधी कधी बोलतो, म्हणून शेवटाबद्दल लिहितो. टिपणात तीन शेवट आहेत. मी एकदा असंच केलं होतं. पहिला शेवट झाला, लोक सावरून बसले, मी पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या वेळी मागचे दोन बाक रिकामे होते. शेवट एकच ठेवा आणि पहिली ओळ लिहायच्या आधी तो लिहा. वर्गणी दुसऱ्या कोणाला तरी सांगू द्या.

मुलुंडचा_वारकरी
अगदी. समारोप शेवटच्या चरणातच आहे. ध्रुवपदात "देव तेथेंचि", म्हणजे देव त्याच्यापाशी आहे. शेवटी "तोचि भगवंताची मूर्ति", म्हणजे तोच देव. एवढं अंतर दाखवा आणि थांबा. पसायदान सगळ्यांनी म्हणायचं, त्यावर बोलायचं नाही.

"दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी" याला मात्र पोथीतली गोष्ट नको, रोजच्या घरातलं काहीतरी हवं. टिपणात आहे का?

लालबागची_सून
नाही. सहाव्या पानाच्या समासात "मावशींचा कप" एवढंच आहे. मी ते घरातलं कामाचं काहीतरी समजून सोडून दिलं होतं.

मुलुंडचा_वारकरी
सासूबाईंना विचारा.

लालबागची_सून
विचारलं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचा कप ओट्याखाली वेगळा असायचा, कान तुटलेला. ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब घालायला दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा आठवडाभर मावशींनी घातले. त्यानंतर सासूबाईंनी स्वतः तो कप टाकला. मला एवढंच दिसलं होतं की कप गेला. त्यांना हे मंडळात सांगायचं होतं, पण पूर्ण लिहायचा धीर झाला नाही.

पान झालं. पाच ओळी, पाटीवर लिहितात तेवढ्या अक्षरात. गाढव, लोणी, मूल, कप, मूर्ति. प्रत्येकाच्या पुढे लाल पेनाने "तोचि साधु". काल बोलून बघितलं, एकतीस मिनिटं झाली. मुलाच्या ओळीसमोर काय म्हणायचं ते अजून ठरलं नाही. त्या म्हणाल्या, समोर कोण बसलंय ते बघून ठरवेन.

गिरगाव_काका
भैरवी कोण म्हणणार आहे?