रिकाम्या क्षमतेचा खर्च साठ्यात का नको
"स्थिर खर्च प्रत्यक्ष निघालेल्या नगांवरच वाटायचा ना? खर्च तर झालाच आहे."

झाला, पण त्या नगांमुळे नाही. समजा, नेहमीच्या दुरुस्तीचे दिवस वगळून सामान्य क्षमता 10,000 नग आणि वर्षाचा स्थिर उत्पादन खर्च 6 लाख, म्हणजे नगाला 60. प्रत्यक्षात 7,000 नगच निघाले, तर त्यांच्यावर 4.2 लाख चढवायचे. उरलेले 1.8 लाख रिकाम्या क्षमतेचे, ते त्याच वर्षी थेट नफा-तोटा खात्यात.

खरी गफलत होते ती वर्षाअखेरच्या साठ्यात. 7,000 ने भागलं तर दर 85.71 होतो. वर्षाअखेर 2,000 नग शिल्लक असले की साठा सुमारे 51,400 ने फुगतो आणि बंद यंत्रांचा तेवढा तोटा पुढच्या वर्षावर जातो. मी साठ्याचे कागद तपासताना आधी हेच बघतो: उत्पादन घसरलं आणि नगामागचा स्थिर खर्च वाढला, तर भागाकार चुकलाय. उलट कधी 12,000 निघाले, तर मात्र दर 50 वर आणायचा. 60 च ठेवला तर झालेल्या 6 लाखांऐवजी 7.2 लाख चढतील.