छेद काढताना उभं स्केल किती वाढवायचं? की वाढवायचंच नाही?

पेन्सिल_एचबी: एसवायबीएला आहे. सरावाच्या प्रॅक्टिकलला १:५०,००० चा टोपोशीटचा तुकडा दिला होता, कंटूर २० मीटरचे, अ ते ब रेषा ८ सेंमी. सगळ्यात खालची रेषा ५६०, ती दोनदा येते आणि मधून नदी जाते, सगळ्यात वरची ७४०, तिच्या आत ७५२ चा स्पॉट हाईट. मी उभं स्केल १ सेंमी = २० मीटर घेतलं म्हणजे एका कंटूरला एक सेंमी, मोजायला सोपं. मग चांदा लावून चढाचा कोन ६८ अंश लिहिला. मॅडमनी पूर्ण छेदावर काट मारली आणि म्हणाल्या हा डोंगर कुठेच नाही. मग उभं स्केल नकाशाइतकंच घ्यायचं का? मैत्रीण म्हणते तसं केलं तर काहीच दिसणार नाही.

घाटवाट: मॅडमचं बरोबर आहे आणि माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही स्केल सारखीच घ्यावीत. मी दर पावसाळ्यात सिंहगड-राजगड बाजूला फिरतो, आपला सह्याद्री म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा, वर सपाट माथा, मग कडा, मग परत सपाटी. पोरांच्या जर्नलमधे तोच डोंगर सुळक्यासारखा टोकदार असतो आणि तेच चित्र डोक्यात बसतं. जमीन जशी आहे तशी काढा की.

भूगोलवाल्या_ताई: घाटवाट, तुम्ही स्वतः एकदा काढून बघा ना. १:५०,००० ला १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. ५६० ते ७५२ म्हणजे १९२ मीटर, म्हणजे कागदावर चार मिलिमीटरलासुद्धा थोडं कमी. एक कंटूर ०.४ मिमी, पेन्सिलचं टोकच त्याहून जाड असतं. मुलीने आठ सेंमी लांब आणि चार मिमी उंच रेघ काढून त्यात नदीची दरी कुठे आणि डोंगराचा खांदा कुठे हे दाखवायचं कसं? वाढवावं लागतंच, प्रश्न फक्त किती.

आता पेन्सिल, तुझं काय झालं ते बघ. आडवं १ सेंमीला ५०० मीटर, उभं १ सेंमीला २० मीटर, ५०० भागिले २० म्हणजे पंचवीस पट. आठ सेंमी रुंद छेदात तुझा डोंगर साडेनऊ सेंमी उंच झाला असणार. १ सेंमी = १०० मीटर घे, मग पाच पट होतं आणि आलेखाच्या कागदावर एका कंटूरला बरोबर दोन बारीक चौकोन येतात, मोजायला हेही तितकंच सोपं आहे. पाया ५४० ला ठेव, शून्यापासून सुरू करायची गरज नाही, पण पायाचा आकडा लिहायला विसरू नकोस.

नकाशा_मामा: याच्याशी संबंधित माझा अनुभव सांगतो. आम्हाला परीक्षेत नकाशाची झेरॉक्स दिली होती, ए-३ ची ए-४ केलेली, आणि खाली मात्र १:५०,००० तसंच छापलेलं. सगळ्यांनी २ सेंमी = १ किमी धरून अंतर काढलं आणि सगळ्यांचं चुकलं. त्यामुळे माझं म्हणणं स्केल वाढवण्याआधी नकाशाचं स्केल खरं आहे का ते बघा.

भूगोलवाल्या_ताई: मामा, प्रश्न उभ्या स्केलचा होता, पण तुमचा मुद्दा याला लागू पडतो. तशी झेरॉक्स साधारण ७१ टक्के होते, म्हणजे हिची ८ सेंमीची रेषा ५.७ सेंमी होईल आणि छापलेल्या आकड्यावर विसंबलं तर ४ किमीऐवजी २.८ किमी येतील. छापलेला अपूर्णांक आकसत नाही, खालची रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबर आकसते, म्हणून कागदाची पट्टी त्याच रेषेला लावून मोजायचं. आणि अशा झेरॉक्सवर आडवा १ सेंमी सुमारे ७०० मीटरचा झालेला असतो, तेव्हा तेच १ सेंमी = १०० मीटर घेतलं की पाच पट नाही, सात पट होते.

आलेख_बाबा: एवढा वाद कशाला, स्केल वाढवलं की सगळंच खोटं होतं. उतार खोटा, आकार खोटा, अ वरून ब दिसतं का हा प्रश्न आला तर त्याचंही उत्तर चुकणार. म्हणून मी मुलांना सांगतो छेदावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका.

भूगोलवाल्या_ताई: बाबा, उताराचं तुमचं बरोबर, बाकीचं नाही. उभं ताणल्याने सरळ रेघ सरळच राहते. त्यामुळे अ पासून ब पर्यंत पट्टी ठेवली आणि मधला डोंगर तिच्या वर येत असला तर तो पाच पटीतही वर येतो आणि पंचवीस पटीतही, दिसतं की नाही याचं उत्तर बदलत नाही. बहिर्वक्र उतार बहिर्वक्रच राहतो, उतार बदलण्याची जागाही तीच. बिघडतो तो फक्त कोन.

पेन्सिलचा ६८ अंश तिथूनच आला. तिच्या नकाशात चढावर कंटूर साधारण चार मिमी अंतरावर असणार, म्हणजे जमिनीवर २०० मीटर, त्यात चढ २० मीटर, म्हणजे दहात एक, सहा अंशाच्या आत. तोच उतार पाच पट ताणला की चांद्याला २७ अंश दिसतो आणि पंचवीस पट ताणला की ६८. चांदा छेदावर लावायचाच नाही, उतार काढायचा तो नकाशावरच्या कंटूरमधल्या अंतरावरून.

पेन्सिल_एचबी: बापरे हो, चार मिमीच होतं, आता मोजून बघितलं. म्हणजे बैलगाडी चढेल असा चढ होता आणि मी कडा काढला. अजून एक, माझी नदीची जागा सपाट आलीय, ५६० ते ५६० सरळ जोडलं. आणि वरती ७४० ते ७४० पण.

भूगोलवाल्या_ताई: ते दोन्ही चुकलंय. नदी आहे म्हणजे तळ ५६० च्या खाली, पण ५४० ची रेषा नाही म्हणजे ५४० च्या वर. मधे कुठेतरी खाली वळव, खोलगट भाग नदीच्या निळ्या रेषेवर यायला हवा, बरोबर मध्यावर असेलच असं नाही. वरच्या टोकाला ७५२ तुझ्या रेषेवर असेल तर तिथपर्यंत ने, बाजूला असेल तर ७४० च्या थोडं वर गोलवून सोड.

घाटवाट: माझी हरकत इथेच आहे. हा माथा पठारासारखा सपाट असला तर? सह्याद्रीत निम्मे माथे तसेच असतात, आणि २० मीटरच्या कंटूरमधे पंधरा मीटरचा कडा अख्खा लपतो, तुम्ही गोल काढलंत की तो पुसला गेला.

भूगोलवाल्या_ताई: कड्याची खूण नकाशावर असेल तर त्या जागी रेघ एकदम तीव्र करावीच, ते मान्य. नसेल तर आपण आपल्या मनाने कडा टाकू शकत नाही, मला तरी तसं वाटतं.

घाटवाट: मग गोल माथा तरी मनाने का टाकायचा? मी अजूनही म्हणेन, आडवं स्केल पण वाढवा, दोन्ही १ सेंमी = १०० मीटर करा, खरा आकार मिळतो.

आलेख_बाबा: चार किमी म्हणजे चाळीस सेंमी लांब कागद. परीक्षेत कोण देतंय? आणि नकाशावर अर्धा मिमी मोजायला चुकलं तर छेदात ती चूक अडीच मिमी होणार.

पेन्सिल_एचबी: परत काढला, १ सेंमी = १०० मीटर, पाया ५४०, माथा बरोबर २ सेंमी १ मिमीवर आला. डोंगर आता डोंगरासारखा दिसतोय. खाली 'उभी अतिशयोक्ती ५ पट' लिहिलंय. माथा मात्र गोल ठेवू की सपाट, ते मॅडमना नकाशा घेऊन विचारते.