मदत हवी आहे : वायफाय जोडताच केळीच्या बागेतला ओलावा-सेन्सर कायम १०० टक्के दाखवतो

तापीकाठ
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात माझ्या मामांची ठिबकवरची केळीची बाग आहे. जमीन काळी आणि भारी आहे. त्यांना घरबसल्या मोबाइलवर ओलावा दिसावा म्हणून मी ईएसपी३२ बोर्डाला कपॅसिटिव्ह सेन्सर जोडला असून प्रोग्राम अर्डुइनोमधून चढवला आहे. बोर्ड शेतातल्या खोलीच्या वायफायवर असतो आणि एक साधे वेबपान उघडून दर दहा मिनिटांनी टक्केवारी दाखवतो.

घरी टेबलावर वायफाय न जोडता सेन्सर हवेत २८५० आणि पाण्यात १२५० असे आकडे स्थिरपणे देत होता. शेतात बसवल्यापासून मात्र पानावर सतत १०० टक्केच दिसतात. मामांनी त्यावर विश्वास ठेवून दोन दिवस ठिबक सुरू केले नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पानांच्या दोन्ही बाजू मधल्या शिरेशी मिटलेल्या दिसल्या, तेव्हा चूक लक्षात आली. ही गोष्ट मला फार लागली आहे. सेन्सर बदलून पाहिला, फरक पडला नाही.

```
int raw = analogRead(27);
int pct = map(raw, 2850, 1250, 0, 100);
pct = constrain(pct, 0, 100);
```

पांढरंसोनं
माझ्या कापसाच्या शेतातही असेच झाले होते. दोन दातांचा सेन्सर होता, महिन्याभरात दात गंजून हिरवे पडले. तुमचाही गंजला असेल, काढून बघा.

तापीकाठ
दादा, माझा सेन्सर कपॅसिटिव्ह आहे. त्याचे तांबे लेपाखाली असते, मातीला उघडे लागत नाही. शिवाय नव्या सेन्सरनेही तेच दाखवले.

वायरमन_चोपडा
वायफाय माहिती पाठवतो त्या क्षणी बोर्ड एकदम जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज खाली बसतो. सेन्सरच्या ३.३ व्होल्ट व ग्राउंडमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, काम होईल.

जुना_सोल्डर
कपॅसिटर जरूर लावावा, पण त्याने हा दोष जाणार नाही. व्होल्टेज बसल्यास आकडा डळमळतो, एकाच जागी खिळत नाही. खरे कारण २७ क्रमांकाच्या पिनमध्ये आहे. ईएसपी३२ मध्ये अॅनालॉग मोजणीचे दोन विभाग असतात. त्यांपैकी दुसरा विभाग वायफाय स्वतःसाठी वापरतो आणि २७ ही पिन त्याच विभागात येते, म्हणून वायफाय सुरू असताना तिथली मोजणी फसते आणि बहुधा ० हाती येतो.

आता ० तुमच्या सूत्रात घालून पाहा. उत्तर येते १७८, आणि पुढची ओळ त्याला १०० वर छाटते. फसलेली मोजणी अशा रीतीने ‘भरपूर ओल’ होऊन मामांपर्यंत पोहोचली. खात्री करायची असेल तर `WiFi.begin` ची ओळ तात्पुरती बंद करा, आकडे परत येतील. मग सेन्सरची तार ३४ क्रमांकाच्या पिनवर न्या. ३२ ते ३९ मधल्या पिना पहिल्या विभागातल्या आहेत. आणि पानावर टक्क्यांशेजारी मूळ आकडाही दाखवा. तो १००० च्या खाली किंवा ३२०० च्या वर गेला, तर टक्के न दाखवता ‘सेन्सर तपासा’ असे लिहून यावे.

तापीकाठ
अगदी तसेच निघाले. वायफाय बंद करताच २१०० च्या आसपास आकडा आला. तार ३४ वर नेली, कपॅसिटर लावला आणि वीस वाचनांची सरासरी घेतली. आता आकडा फारसा हलत नाही. ठिबक चालवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १७५० म्हणजे ६८ टक्के आले. मामांनी मूठभर माती दाबून पाहिली आणि म्हणाले, “हा खरा वाफसा.”

जुना_सोल्डर
मग १७५० हा आकडाच धरून चाला. हवा आणि पाणी ही तुमच्या जमिनीची टोके नव्हेत. मामा ज्या दिवशी ‘आता पाणी हवे’ म्हणतील, त्या दिवसाचा आकडाही लिहून ठेवा आणि पानावर टक्क्यांऐवजी त्या दोन खुणा दाखवा. सेन्सरच्या वरच्या टोकाचे इलेक्ट्रॉनिक भाग उघडे असतात, ते इपॉक्सीने बंद करा.

वायरमन_चोपडा
पिनचे मला ठाऊक नव्हते. माझ्याही एका बोर्डावर तार २५ वर आहे, आजच बदलतो.

तापीकाठ
मामांची ‘पाणी हवे’ची खूण मिळाली, २३००. पण एक अडचण उरली आहे. काळी माती सुकताना आकसते आणि सेन्सरच्या कडेला फट पडते. काल आकडा २६०० वर गेला होता, तरी वीतभर उकरल्यावर खाली ओल होती. फटीतली हवाच मोजली जात असावी. मी सेन्सर वरून उभा खुपसला आहे. खड्डा करून बाजूच्या भिंतीत आडवा बसवला, तर भारी जमिनीत फट कमी पडते का? कोणी एक पूर्ण उन्हाळा तसे करून पाहिले असल्यास कृपया सांगावे.