मदत हवी आहे: ‘बस गेली होती’ला हॅड लागतं, मग ‘बेळगावला गेले होते’ला का नाही?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. काल तिची वर्गमैत्रीण आली होती आणि दोघी एकमेकींचा इंग्रजीचा गृहपाठ तपासत बसल्या होत्या. क्रियापदं दिलेली होती, योग्य रूप घालून परिच्छेद पूर्ण करायचा होता. दोन जागांवरून बरंच भांडण झालं. रात्री मुलीला विचारून मी ते लिहून काढलं. इंग्रजी देवनागरीत लिहिते, सांभाळून घ्या.

पहिलं वाक्य: येस्टरडे आय ____ टू बेळगावी विथ माय ब्रदर. क्रियापद गो.
दुसरं: व्हेन वी रीच्ड द बस स्टँड, द लास्ट बस ____, सो माय अंकल केम अँड टुक अस होम. क्रियापद लीव्ह.

मैत्रीण: दुसऱ्यात काय लिहिलीस?
मुलगी: हॅड लेफ्ट.
मैत्रीण: मी नुसतं लेफ्ट. रीच्ड आहे, केम आहे, टुक आहे. मधेच हॅड कुठनं आलं?
मुलगी: मराठीत म्हण बघू. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा बस गेली होती. ‘होती’ आली की हॅड.
मैत्रीण: पोचलो तेव्हा बस गेली, असंपण म्हणतात की गे.
मुलगी: मग ती डोळ्यांसमोर गेली असं होतंय. इथं बस दिसलीच नाही, म्हणून काकांना बोलवलं.
मैत्रीण: बरं, हे पटलं. खोडते. पहिल्यात काय?
मुलगी: हॅड गॉन. काल मी बेळगावला गेले होते. ‘होते’ आहे बघ.
मैत्रीण: काय सांगूलालीस? येस्टरडे आलं की वेंट, सरांनी फळ्यावर लिहिलंय.
मुलगी: मग माझा नियम एका ठिकाणी खरा आणि दुसरीकडे खोटा कसा?
मैत्रीण: ते मला नाही येत सांगायला. पण हॅड गॉन चूक आहे.

शेवटी मैत्रिणीच्या वहीत वेंट आणि हॅड लेफ्ट, आमच्या वहीत हॅड गॉन आणि हॅड लेफ्ट. मैत्रिणीचंच बरोबर असावं असं मला वाटतं, पण मुलीच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. कुणी सांगाल का?

चिकोडीकर
ताई, सोपं आहे. वाक्यात दोन क्रिया असल्या की आधी घडलेलीला हॅड, नंतरचीला साधा भूतकाळ. बस आधी गेली, हे नंतर पोचले, म्हणून हॅड लेफ्ट. पहिल्या वाक्यात क्रिया एकच, म्हणून वेंट. बिफोर, आफ्टर दिसलं तरी हाच नियम. आम्ही असंच पाठ केलं आणि मार्क मिळवले.

निपाणीची_बाई
मी निपाणी भागात बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमच्या मुलीची चूक माझ्या प्रत्येक वर्गात निम्म्या मुलांनी केली आहे. ती मराठी चांगली येत असल्यामुळेच होते.

‘काल मी बेळगावला गेले होते’ हे आपण कधी म्हणतो? जाऊन परत आल्यावर. ‘दादा बेळगावला गेला’ म्हटलं तर दादा अजून तिकडेच असावा असं ऐकणारा समजतो. ‘गेला होता’ म्हटलं की तो परत आला. म्हणजे इथलं ‘होता’ ती गोष्ट होऊन संपली एवढंच सांगतं. कन्नड बोलणारी पोरंही हेच करतात, कारण ‘निन्ने बेळगाविगे होगिद्दे’ अगदी आपल्यासारखंच आहे. आपल्या भागातल्या मुलाला घरात आणि बाजारात, दोन्ही भाषांतून तीच सवय लागते. इंग्रजीत मात्र येस्टरडे असलं की परत आल्याची खूण क्रियापदावर करत नाहीत. काल गेले, वेंट, संपलं.

बसच्या वाक्यातलं ‘होती’ वेगळं आहे. तिथे आपण स्टँडवर पोचल्याच्या क्षणाला उभे आहोत आणि तिथून मागे वळून सांगतो आहोत की बस त्याआधीच गेली. असा उभं राहायचा दुसरा क्षण असेल तरच हॅड.

मी मुलांना एक युक्ती द्यायचे. मराठी वाक्यात ‘तोवर’ घालून बघा. ‘पोचलो, तोवर बस गेली होती’ नीट बसतं. ‘काल तोवर मी बेळगावला गेले होते’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कधीपर्यंत? त्याचं उत्तर परिच्छेदात नाही. म्हणून वेंट.

चिकोडीकर, तुमचा नियम इथे बरोबर उत्तर देतो, पण याच वाक्याचा शेवट बघा. काका आले आणि घरी घेऊन गेले. याही दोन क्रिया, एक आधी, एक नंतर. मग हॅड कम का नाही? कारण घडलं त्याच क्रमाने सांगितलं. आधी पोचल्याचं सांगून मग बसचं सांगितलं, म्हणजे क्रम उलटला, म्हणून तिथे हॅड लागलं.

चिकोडीकर
बाई, हे पटलं. पण मग बिफोरचं काय? द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम, हे तर सगळ्या गाइडांत असतं.

निपाणीची_बाई
ते वाक्य बरोबरच आहे. पण बिफोर हा शब्दच क्रम सांगतो, त्यामुळे तिथे डाइड लिहिलं तरी इंग्रजी चुकत नाही. व्हेनचं तसं नाही. व्हेनमध्ये लेफ्ट लिहिलं की बस समोरून सुटली, हॅड लेफ्ट लिहिलं की स्टँड रिकामा. ताई, तुमच्या मुलीने हा फरक स्वतः काढला, ते मला फार आवडलं.

वस्तीची_गाडी
आमच्या नंदगडकडे संध्याकाळच्या गाडीचं हे रोजचंच आहे, ताई. गाडीची वेळ हवी असेल तर स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारून घ्या, पोरींना अंधारात थांबवू नका.

मलप्रभाकाठ
माझा एक प्रश्न यातच विचारतो. मीटर बदलून मिळावं म्हणून अर्ज केला होता. आता स्मरणपत्रात ‘आय हॅड अप्लाइड ऑन मंडे’ लिहिलंय. हेही चूक का?

निपाणीची_बाई
तेवढं एकच वाक्य असेल तर अप्लाइड पुरे. ‘मी गुरुवारी चौकशीला आलो, तोवर सोमवारी अर्ज दिलेला होता’ असं सांगायचं असेल तर हॅड चालेल. तारीख लिहिली की आपला हात आपोआप हॅडकडे जातो, तेवढं सांभाळा.

खानापूरची आई (धागाकर्ती)
बाई, मनापासून आभार. दोघींना ‘तोवर’ सांगितलं. मुलीने हॅड गॉन खोडून वेंट केलं आणि मैत्रिणीला कारणही समजावलं. मग तिनेच वहीतलं पुढचं वाक्य काढलं: आय ____ हिम फॉर टू इयर्स व्हेन ही लेफ्ट अवर व्हिलेज. क्रियापद नो. मराठीत ‘ओळखत होते’ येतं. ती म्हणते, यात ‘तोवर’ बसतं, पण ‘ओळखत होते’ असल्यामुळे वॉज नोइंग लिहू का?

निपाणीची_बाई
नाही, हॅड नोन. तो गेला त्या क्षणी ओळख दोन वर्षांची झाली होती. फॉर टू इयर्स त्या क्षणापर्यंत मोजलेलं आहे, त्याकडे बघायचं. नोला आयएनजी लागत नाही. ‘तोवर’ने हॅड हवं की नाही एवढंच कळतं, पुढचं रूप मराठीवरून काढायला गेलं की असं फसायला होतं.

चिकोडीकर
बिफोरच्या वाक्यात पोरीने डाइड लिहिलं आणि तपासणाऱ्याच्या उत्तरसूचीत हॅड डाइड असेल, तर मार्क कापणार की देणार? मी तरी परीक्षेत हॅडच लिहायला सांगेन.

निपाणीची_बाई
मी दोन्हीला मार्क देत होते. माझ्याच शेजारच्या वर्गातले सर देत नव्हते. त्यावर आमचं कधी जमलं नाही.