मदत हवी आहे: हेल्पलाईनच्या स्क्रिप्टमधला एक प्रश्न मराठीत कसा विचारायचा?

गोदाकाठची
आम्ही नाशिकमधले काही जण मिळून संध्याकाळची एक छोटी हेल्पलाईन चालवतो, स्क्रिप्ट इंग्रजीतून आलेली, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाकीचं जमलं पण एका प्रश्नावर गाडी अडलीये. आत्ता तिथे "तुमच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत आहेत का?" असं आहे. सरावाच्या कॉलला निफाडचे एक द्राक्षबागायतदार काका कॉलर झाले होते, ते म्हणाले, "इजा? नाही ओ, हातपाय धड आहेत." सगळे हसले, पण खऱ्या कॉलला असं झालं तर? दुसरी एक ताई त्याऐवजी "तसलं काही मनात नाही ना?" विचारते, ते ऐकायला बरं वाटतं. काय ठेवू?

सह्याद्रीवारा
माझ्या मते आत्महत्या हा शब्दच तोंडातून काढू नका. समोरचा आधीच खचलेला असतो, आपण आत्महत्या म्हटलं की नसलेलं डोक्यात जातं. "वाईट विचार येतात का" एवढं पुरे. आणि आवाज मात्र शांत ठेवायचा, भराभर प्रश्न विचारायचे नाहीत.

फोनवरची मावशी
बरीच वर्षं फोनवर बसतेय म्हणून सांगते. आवाजाचं बरोबर आहे, पण विचारल्याने डोक्यात जातं हे खरं नाही, यावर अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "वाईट विचार" म्हटलं की लोक सासूबद्दलचे विचारही सांगतात. आणि "नाही ना?" तर अजिबात नको, त्यात आपणच उत्तर देऊन टाकतो, समोरचा "नाही नाही" म्हणतो आणि विषय संपतो. आपल्याला ऐकायची भीती वाटतेय हे त्याला बरोबर कळतं.

मी दोन पायऱ्यांत विचारते. आधी त्याने जे सांगितलं तेच धरून, "बाग गेली, वर सोसायटीचं कर्ज, एवढं अंगावर आलं की कधीकधी जगणं नकोसं होतं. तुम्हाला तसं होतंय का?" मग थांबायचं, मध्ये बोलायचं नाही. हो म्हणाला, किंवा नुसताच गप्प राहिला तरी, पुढचं सरळ: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" खेड्यातल्या माणसाला हे लगेच कळतं, कॉलेजच्या पोरांना "आत्महत्येचा विचार" चालतो. हो आलं की "बरं झालं सांगितलंत" म्हणायचं, "अरे बापरे" नाही. त्यानंतर आज, आत्ता काही करायचं ठरवलंय का, आणि सोबत कोण आहे.

एक अजून, "औषध घेतलंय का?" हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये असेल तर काढा. डॉक्टरच्या गोळ्यांबद्दल विचारायचं असतं, पण आपल्याकडे फवारणीचंही औषधच आणि औषध घेतलं म्हणजे काय हे गावात सगळ्यांना माहीत आहे. "डॉक्टरांनी दिलेल्या काही गोळ्या चालू आहेत का?" असं ठेवा. फवारणीचं वेगळं विचारायचं, आणि घरात असेल तर ते आत्ता कुणाच्या ताब्यात देता येईल का, हेही. घेतलंच असं कळलं तर स्क्रिप्ट बाजूला, १०८.

कांदेपोहे_लासलगाव
विषय थोडा सोडून विचारतो सॉरी. माझा चुलतभाऊ कांद्याचे भाव पडल्यापासून खोलीत बसून असतो, वहिनी म्हणते गेल्या आठवड्यात "मी नसलो तर बरं" म्हणाला. त्याला मनोरुग्ण वगैरे म्हटलं तर तो भडकेल, आणि पोलिसांचं लफडं होईल का?

फोनवरची मावशी
विषय सोडून नाही हो. आजच त्याच्यापाशी बसा, वरचेच प्रश्न विचारा आणि एकटा ठेवू नका. १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, तुम्हीही त्याच्यासाठी लावू शकता. नाव कुठलंच ठेवायचं नाही, "झोप नाही, जेवण नाही, त्यासाठी डॉक्टरांना भेटू" एवढंच. आणि नुसतं असं बोलल्याने पोलिस केस होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असंच धरतात.

सह्याद्रीवारा
"नाही ना"चं पटलं. पण पहिल्याच मिनिटात "जीव द्यायचा" विचारणं मला अजून जड वाटतं.

फोनवरची मावशी
पहिल्या मिनिटात कोण म्हणतंय, आधी त्याचं ऐका ना.

गोदाकाठची
इजावालं वाक्य काढलं, दोन पायऱ्या टाकल्या, औषधाचा प्रश्न दोन जागी तोडला. आता टीममध्ये वाद "तुम्ही" की "तू" यावर. कॉलेजरोडची सतरा-अठराची पोरं "तुम्ही" म्हटलं की ऑफिसला फोन लागल्यासारखी आखडतात, पण पहिल्यापासून "तू" म्हटलं तर काहींना उपदेश सुरू झाला असं वाटतं. सध्या "तुम्ही"ने सुरू करून "तू म्हटलं तर चालेल का" विचारतोय. कुणी दुसरं काही करतं का?