कधी दुसऱ्यांदा ताट, कधी चार घास: मुलांच्या भुकेचे तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी
काल कपाट आवरताना माझी एक जुनी वही सापडली. मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची असताना तिने काय आणि किती खाल्ले, हे मी आठ आठवडे रोज त्यात लिहिले होते. आता ती 19 वर्षांची आहे. पण ती पाने वाचताना तेव्हाची काळजी जशीच्या तशी परत आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात ती ताट पुसून खात होती आणि पुन्हा मागत होती. चौथ्या आठवड्यापासून मात्र जेवणाला चार-पाच घासांच्या पुढे जाईना, आणि हे जवळजवळ तीन आठवडे चालले. सुरुवातीला तिचे वजन 11.6 किलो व उंची 87.5 सेंटीमीटर होती, शेवटी 11.9 किलो आणि 89 सेंटीमीटर. म्हणजे वाढ नीट चालली होती आणि मी मात्र रडत होते. मोठी माणसे म्हणत, "वाढीचा झपाटा आला की खातात, तो ओसरला की थांबतात." हे खरेच असे असते का? तुमच्या घरी काय घडले, ते लिहा.

संदीप
माझ्या अनुभवाप्रमाणे हे अगदी खरे आहे. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. तो आठवडाभर भरपूर जेवला की पुढच्या आठवड्यात दाराच्या चौकटीवरची खूण वर सरकलेली असते, आणि मग शरीर विश्रांती घेते म्हणून भूक कमी होते. मी अशा पाच खुणा केल्या आहेत.

स्वप्नजा
आमच्याकडे पिवळ्या रंगाचे काहीही चालत नाही आणि मऊ पदार्थ तोंडातून बाहेर येतात. भूक चांगली आहे, परंतु निवड फार आहे. यालाही वाढीचा झपाटाच म्हणायचे का?

मृण्मयी
स्वप्नजा, तुमचा प्रश्न वेगळा वाटतो. माझी मुलगी त्या तीन आठवड्यांत आवडीचे पदार्थसुद्धा बाजूला सारत होती.

वसुधा
मी 20 वर्षांहून अधिक काळ बालरुग्ण विभागात आहाराचा सल्ला देत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मुले एकसारख्या गतीने वाढत नाहीत, हे बरोबर आहे. तान्ह्या बाळांची लांबी वारंवार मोजून 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की कित्येक दिवस लांबी जराही वाढत नाही आणि मग एका दिवसात एकदम वाढते. त्या मोजमापांवर पुढे वादही झाला. पण संदीप, तुमच्या म्हणण्यातला दुसरा भाग मला तितका पटत नाही. दोन ते पाच वर्षांचे मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढते, म्हणजे दिवसाला पाच-साडेपाच ग्रॅम. एवढी वाढ घडवायला रोज फार तर पंचवीस-तीस कॅलरी पुरतात, आणि अशा मुलाचा एकूण आहार हजार कॅलरींच्या आसपास असतो. एखाद्या आठवड्यात वाढ दुप्पट झाली, तरी त्यासाठी दुसरे ताट लागत नाही. पहिल्या काही महिन्यांत मात्र अन्नाचा मोठा वाटा वाढीसाठीच खर्च होतो. पहिल्या वर्षी बाळ सुमारे 25 सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मेच, आणि भूक त्या मानाने मंदावते. आईवडिलांच्या डोळ्यांसमोर मात्र पहिल्या वर्षाचे बाळच असते.

मृण्मयीताई, वहीत जेवणाखेरीज काही लिहिले आहे का? ताप, झोप, दूध?

अनघा
आमच्या 13 वर्षांच्या मुलाबद्दल सांगते. गेल्या दहा महिन्यांत तो आठ सेंटीमीटर उंच झाला, विजारी घोट्याच्या वर गेल्या आणि रात्री जेवणानंतर तासाभरात तो पुन्हा स्वयंपाकघरात उभा असतो. लहानपणी मात्र त्याची भूक अशी वरखाली होत असे, तेव्हा उंचीत विशेष फरक दिसला नव्हता.

संदीप
विजारींचे आमच्याकडेही तेच आहे. आता मी मुद्दाम एक माप मोठी घेतो आणि आतून दुमड घालून ठेवतो.

मृण्मयी
वसुधाताई, तुमचा प्रश्न वाचून वही पुन्हा उघडली. पहिल्या आठवड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले आहे: "चार दिवस ताप, खोकला, फक्त पाणी आणि दूध." हे मी साफ विसरले होते. त्यानंतरचे दोन आठवडे ती भरभरून जेवली. पुढची नोंद वाचून मात्र मी गप्पच झाले. चौथ्या आठवड्यात भूक उतरली तेव्हा, पोटात काहीतरी जावे म्हणून मी दूध दोन पेल्यांवरून चार पेल्यांवर नेले होते. आमचा पेला 200 मिलिलिटरचा होता.

वसुधा
मग चित्र बरेच स्पष्ट होते. आजारात झालेली तूट भरून काढण्यासाठी मूल बरे झाल्यावर एक-दोन आठवडे जास्त खाते. ते तुमचे भरल्या ताटाचे दिवस. तूट भरली की भूक नेहमीच्या पातळीवर येते आणि आदल्या आठवड्यांच्या तुलनेत ती एकदम पडल्यासारखी वाटते. कदाचित ती चार-पाच दिवसांत सावरली असती. पण 800 मिलिलिटर साय न काढलेले दूध म्हणजे पाचशेहून अधिक कॅलरी, म्हणजे तिच्या दिवसाच्या गरजेचा निम्मा भाग. ती उपाशी नव्हती, तिचे पोट दुधाने भरलेले होते. या वयात दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे. दीर्घकाळ नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलाला लोह कमी पडते, आणि लोह कमी पडले की भूक आणखी मंदावते. हे कित्येक आया करतात, ताई; भीतीपोटीच करतात. मनाला लावून घेऊ नका.

मृण्मयी
सातव्या आठवड्यात ती आजीकडे चार दिवस राहिली. तिथे दूध दोनच पेले मिळाले आणि ती जेवू लागली. आम्ही त्याचे श्रेय हवाबदलाला दिले होते.

कल्याणी
कृपया एक गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. माझा मुलगा सात वर्षांचा असताना तीन आठवडे खूप खात होता आणि घरचे सगळे "वाढीचे वय आहे" म्हणून समाधानी होते. पण तो पाणीही सतत पीत होता, कित्येक वर्षांनी पुन्हा रात्री अंथरूण ओले करू लागला होता, आणि वजन दोन किलोने उतरले होते. रक्तातील साखर तपासल्यावर त्याला टाइप 1 मधुमेह असल्याचे कळले. भूक वाढूनही वजन घटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

वसुधा
कल्याणीताईंचे म्हणणे अतिशय महत्त्वाचे आहे. कमी भुकेच्या बाबतीतही मी ताटापेक्षा वजन पाहते. मूल खेळत असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल आणि वजन वाढीच्या तक्त्यावर त्याच्या नेहमीच्या रेषेजवळ टिकून असेल, तर दोन-तीन आठवडे थांबता येते. वजन घटले, किंवा काही महिने वाढलेच नाही, तर थांबू नये.

संदीप
तरीही माझ्या पाच खुणांचे काय?

वसुधा
तुम्ही उंची कोणत्या वेळी मोजता? सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी मोजलेल्या उंचीत जवळपास एक सेंटीमीटरपर्यंत फरक पडू शकतो, आणि चार वर्षांचे मूल महिन्याला साधारण अर्धा सेंटीमीटरच वाढते. तुमचे निरीक्षण चुकीचेच आहे असे मी म्हणत नाही. पण या खुणांवरून ते ठरवता येणार नाही.

संदीप
मान्य आहे, माझ्या खुणा वेगवेगळ्या वेळी केलेल्या आहेत. आता दर रविवारी उठल्याबरोबर, टाचा भिंतीला टेकवून आणि डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून मोजतो. जेवणाची नोंद पत्नी ठेवेल, आणि तीन महिने आम्ही एकमेकांच्या नोंदी पाहणार नाही.