मदत हवी आहे: पत्ता जुळत नाही म्हणून ऑर्डर रद्द, तरी खात्यातले पैसे अडकलेत

जर्सीकर: आम्ही नुकतेच एडिसनहून जर्सी सिटीला राहायला आलो. बँकेच्या ॲपमध्ये पत्ता लगेच बदलला. आता बाळासाठी कार सीट ऑनलाइन घेतोय, किंमत १४२ डॉलर. कार्ड नंबर, मागचे तीन आकडे, पत्ता सगळं भरलं की साइट म्हणते, ‘बिलिंग पत्ता जुळत नाही’, आणि ऑर्डर रद्द. पण बँकेत बघितलं तर प्रत्येक प्रयत्नाचे १४२ डॉलर ‘पेंडिंग’ दिसतात! डेबिट कार्ड आहे आणि महिनाअखेर आलीय, भाडं जायचंय. बँकेने नाकारलं असेल तर पैसे का धरले? आणि जुळत काय नाहीये?

सह्याद्री_वारा: बँकेनेच नाकारलंय. नवा पत्ता त्यांच्या सिस्टीममध्ये पोचला नसणार. ओटीपी आला होता का? ओटीपी टाकल्यावर पत्त्याचा प्रश्नच येत नाही.

गेटवेवाला: पत्ता उशिरा पोचतो हे खरं, पण इथे बँकेने नाकारलेलं नाही. मी पेमेंट गेटवेच्या कामात आहे, रोज हेच बघतो. दुकान बँकेला एकाच निरोपात दोन गोष्टी विचारतं: एवढी रक्कम मिळेल का, आणि हा पत्ता तुमच्याकडच्या नोंदीशी जुळतो का? बँक दोन्हीची उत्तरं वेगवेगळी देते. तुमच्या बाबतीत पहिलं उत्तर ‘हो’ होतं, म्हणूनच रक्कम धरली गेली. पत्त्याचं उत्तर बघून ऑर्डर रद्द केली ती दुकानाने. त्यानंतर धरलेली रक्कम सोडा असा निरोप बँकेला धाडायचं कामही दुकानाचंच. बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं आणि मग मुदत संपेपर्यंत, म्हणजे काही दिवस, पैसे अडकून पडतात. तेव्हा आता पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, दर वेळी नवी रक्कम अडकेल.

ओटीपीबद्दल: भारतात रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. अमेरिकेत तशी सक्ती नाही, म्हणून इथली दुकानं पत्त्यावर जास्त भिस्त ठेवतात.

जर्सीकर, दुकानाला दोन गोष्टी विचारा. एक, पत्त्याच्या तपासणीचं उत्तर कोणत्या अक्षरात आलं. दोन, ऑथरायझेशन कोड काय. तो कोड सांगितला की बँकेशी बोलणं सोपं जातं.

टोरांटोची_मनू: मला तर पेट्रोल पंपावर हाच त्रास! न्यूयॉर्क राज्यात शिरलं की मशीन पाच आकडी झिप मागतं आणि आमच्या कॅनडाच्या पिनमध्ये अक्षरं. एका मैत्रिणीने युक्ती सांगितली: पोस्टल कोडमधले तीन आकडे घ्यायचे आणि पुढे दोन शून्यं. म्हणजे `L5B 3C1` असेल तर `53100`. बऱ्याच पंपांवर चालतं. सासरे पुण्याहून आले होते, त्यांचं भारतातलं कार्ड मात्र काही केल्या चालेना. शेवटी आत काउंटरवर जाऊन पैसे दिले.

गेटवेवाला: भारतातल्या बँका सहसा या पत्ता-तपासणीत नसतात, त्यामुळे तिथे टाकायला बरोबर आकडाच नाही. काउंटरवर देणं हाच उपाय.

जर्सीकर: दुकानाशी बोललो. उत्तर `Z` आलंय म्हणाले. रक्कम सोडायचा निरोपही पाठवतायत.

गेटवेवाला: उत्तम, यातून बरंच कळतं. `Z` म्हणजे झिप जुळला, रस्त्याचा पत्ता नाही. काहीच जुळलं नसतं तर `N`, सगळं जुळलं असतं तर `Y`. म्हणजे तुमचा नवा झिप बँकेच्या नोंदीत पोचलाय. अडलंय ते पहिल्या ओळीत. ही तपासणी रस्त्याचं नाव वाचत नाही, मुख्यतः ओळीच्या सुरुवातीचे आकडे बघते. तुम्ही पहिल्या ओळीत नेमकं काय लिहिलं, आणि बँकेच्या स्टेटमेंटवर काय छापलंय?

जर्सीकर: साइटवर भरलं ते असं, रस्त्याचं नाव गाळलंय:

```
Apt 12, 37 ... Ave
```

स्टेटमेंटवर:

```
37 ... Ave Apt 12
```

गेटवेवाला: हेच असणार. आपल्याकडे फ्लॅट नंबर आधी, मग इमारत, मग रस्ता. इथे घर क्रमांक आधी लागतो. तुमच्याकडून १२ आधी गेला, बँकेकडे ३७ आधी आहे. स्टेटमेंटवर जसं आहे तसंच पहिल्या ओळीत भरा, फ्लॅट दुसऱ्या ओळीत. पण आधी अडकलेली रक्कम सुटू द्या.

सह्याद्री_वारा: मग माझ्या बायकोचं कसं चालतं? ती कायम फ्लॅट नंबर आधी लिहिते, कधी अडलं नाही.

गेटवेवाला: दुकान काय ठरवतं त्यावर आहे. कुणी झिप जुळला की माल सोडतं, कुणी दोन्ही मागतं. काही बँका आकडे वेगळ्या पद्धतीनेही तपासतात, त्यामुळे जर्सीकरांचं शंभर टक्के हेच कारण, असं मी इथे बसून म्हणणार नाही.

जर्सीकर: बँकेला कोड सांगून फोन केला. एक रक्कम सुटली, बाकीच्यांना दुकानाचा निरोप अजून दिसत नाही म्हणतात. भाडं जायच्या आत सुटतात का बघतो. तोवर कार सीट क्रेडिट कार्डावर घेऊ का? त्याचा पत्ता अजून एडिसनचाच आहे.

गेटवेवाला: घ्या, पण बिलिंगला एडिसनचा पत्ता द्या आणि डिलिव्हरीला जर्सी सिटीचा. तपासणी फक्त बिलिंग पत्त्याची होते. दोन पत्ते वेगळे बघून एखादं दुकान फोन करून खात्री करतं, तो फोन उचला.